अ‍ॅप म्हणते Update, स्टोअर म्हणते Open: मधल्या मध्ये माणसाने काय करावे?

बांधावरून, औसा

नमस्कार मंडळी. पिकाची नोंद शेतात उभे राहून, फोटोसह करावी लागते, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहेच. त्यासाठीचे अ‍ॅप माझ्या फोनमध्ये गेल्या हंगामापासून आहे. या आठवड्यात सोयाबीनची नोंद करण्यासाठी ते उघडले, तर पडद्यावर एकच चौकट आली: नवी आवृत्ती आली आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा. ‘नंतर पाहू’ म्हणण्याची सोय तिथे नाही. बटण दाबले की प्ले स्टोअर उघडते, पण तिथे Update हे बटणच दिसत नाही, फक्त Open दिसते. Open दाबले की पुन्हा तीच चौकट. माझ्या धाकट्या भावाच्या फोनवर मात्र हेच अ‍ॅप आपोआप नवे होऊन बसले आहे आणि त्याने त्यासाठी काहीही केलेले नाही.

माझे प्रश्न दोन. स्टोअरमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय चालू असूनही माझ्या फोनवर ते का झाले नाही? आणि जे अपडेट स्टोअर मला देतच नाही, त्याच्यासाठी अ‍ॅप मला अडवून कसे धरते? फोन अँड्रॉइड ११ चा आहे आणि जागाही पुरेशी रिकामी आहे. नोंदीची मुदत जवळ येत आहे, तेव्हा जाणकारांनी मार्ग सुचवावा.

टीपकागद, नांदेड

यात अवघड काही नाही. प्ले स्टोअरची कॅशे भरली की असे होते. सेटिंगमध्ये जाऊन स्टोअरची कॅशे साफ करा. तरीही झाले नाही, तर अ‍ॅप काढून टाका आणि नव्याने घ्या, म्हणजे ताजी आवृत्तीच येईल. बाकी ही सक्ती कशासाठी असते ते उघड आहे. डाउनलोडचे आकडे फुगवायचे असतात, दुसरे काय?

दुधनाकाठ, सेलू

बांधावरून, अ‍ॅप काढून टाकण्यापूर्वी कृपया एका प्रश्नाचे उत्तर द्या. शेतात रेंज नसताना काढलेले आणि अजून न पाठवलेले फोटो किंवा नोंदी त्या अ‍ॅपमध्ये पडून आहेत काय? असतील, तर टीपकागद यांच्या सल्ल्यातील पहिला भाग खुशाल करा, दुसरा अजिबात करू नका. अपडेट झाल्यावर अ‍ॅपचा आतला साठा जसाच्या तसा राहतो, पण अ‍ॅप काढले की तो साठाही पुसला जातो. Clear cache आणि Clear storage ही बटणे शेजारी शेजारी असतात, त्यांतही गल्लत होऊ देऊ नका. स्टोअरच्या बाबतीत ती गल्लत झाली तरी फारसे बिघडत नाही, पण पिकाच्या अ‍ॅपचे Clear storage दाबले, तर ते अ‍ॅप काढून टाकल्यासारखेच होईल.

बांधावरून, औसा

होय, तुरीच्या एका गटाचे फोटो ‘अपलोड बाकी’ असे दाखवत पडून आहेत. बरे झाले विचारलेत.

गल्लीतला गणपत, परभणी

अ‍ॅप म्हणते स्टोअरकडे जा, स्टोअर म्हणते अ‍ॅपकडे जा. सज्जावर गेलो की तहसीलला पाठवतात आणि तहसीलला गेलो की सज्जावर, त्यातलाच हा प्रकार दिसतो. निदान इथे एसटीचे तिकीट तरी लागत नाही.

दुधनाकाठ, सेलू

गणपतराव, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण खरी गोष्ट तीच आहे. ही दोन कार्यालये वेगवेगळी आहेत आणि एकमेकांना विचारत नाहीत. मी काही वर्षे पुण्यात मोबाईल अ‍ॅपच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपला कुलूप प्ले स्टोअर लावत नाही. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांनीच आत बसवलेले असते. अ‍ॅप उघडताच ते आपल्या सर्व्हरला विचारते की किमान कोणती आवृत्ती चालेल, आणि सर्व्हर साधारण असे उत्तर पाठवतो:

```
{"min_version": 214, "latest_version": 216}
```

समजा, तुमच्या फोनमधली आवृत्ती २१२ आहे. २१२ हा आकडा २१४ पेक्षा लहान, म्हणून चौकट आली आणि वाट बंद झाली. ती २१५ असती, तर अनेक अ‍ॅप ‘अपडेट आहे, हवे तर घ्या’ एवढेच सांगून आत जाऊ देतात. चौकटीतले बटण तुम्हाला स्टोअरच्या पानावर नेऊन सोडते, पण ते पान तुमच्या फोनला २१६ द्यायचे की नाही, हा निर्णय स्टोअरचा आहे. अ‍ॅपच्या सर्व्हरला त्या निर्णयाची खबर नसते.

आता स्टोअर ते का देत नसेल? नवी आवृत्ती बहुतेक वेळा सर्वांना एकाच दिवशी दिली जात नाही. आधी काही टक्के फोनांना देतात, बिघाड दिसला नाही तर टक्का वाढवतात. ज्याचा फोन त्या टक्क्यात आला, त्याला Update दिसते. ज्याचा आला नाही, त्याच्यापुरती जुनीच आवृत्ती ताजी असते, म्हणून Open दिसते. तुमच्या भावाचा फोन आधीच्या वाटपात गेला असावा आणि तुमचा राहिला असावा. वाटप शंभर टक्क्यांवर जाण्याआधीच कोणीतरी सर्व्हरवरचा min_version वाढवला, की तुमच्यासारखे लोक मधल्या मध्ये अडकतात. आमच्याकडे यासाठी साधा नियम होता: आधी वाटप पूर्ण करायचे, मग काही दिवस थांबायचे आणि नंतरच कुलूप लावायचे. मुदतीच्या घाईत हाच क्रम उलटा होतो.

अर्थात, बाहेरून हे शंभर टक्के सिद्ध करता येत नाही. पण पडताळा घेता येतो. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या माहितीच्या तळाशी आवृत्ती लिहिलेली असते. स्टोअरमध्ये त्याच अ‍ॅपच्या पानावर About this app उघडले की तिथेही खाली आवृत्ती दिसते. तुमच्या फोनवर दोन्ही ठिकाणी एकच आकडा असेल आणि भावाच्या फोनवर मोठा असेल, तर दोष तुमच्या फोनचा नाही.

अजिंठ्याच्या वाटेवर, छत्रपती संभाजीनगर

आयफोनवरही असे टप्प्याटप्प्याने देण्याची सोय आहे, पण तिथे ही कोंडी होत नाही. सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि शेवटी १०० टक्के असे ते वाटप चालते. ते फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटपुरते असते. कोणी स्वतः अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन Update दाबले, तर त्याला पहिल्याच दिवशी नवी आवृत्ती मिळते. अँड्रॉइडवर तसे का नाही, हे कोणी सांगेल काय?

दुधनाकाठ, सेलू

फरक आपण अगदी बरोबर सांगितला. प्ले स्टोअरवर टक्क्याबाहेरच्या फोनला हाताने मागूनही नवी आवृत्ती मिळत नाही. त्यामागचा विचार असा की, अर्धवट तपासलेली आवृत्ती उत्साही माणसाच्या हातीही पडू नये. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो ठीक आहे, पण कुलूप घाईने लागले की तोच विचार अंगावर येतो.

सेंटरवाला, माजलगाव

माझे ऑनलाईन सेंटर आहे. या हंगामात रोज अशी माणसे येतात, म्हणून अनुभवाचा एक उपाय सांगतो. फोन फ्लाईट मोडवर टाकून अ‍ॅप उघडा. अनेकदा चौकट येतच नाही, सरळ आत जाता येते. नोंद करून घ्या आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा.

दुधनाकाठ, सेलू

दादा, हा उपाय अर्धाच चालतो. सर्व्हरला विचारताच आले नाही, तर काही अ‍ॅप आत जाऊ देतात, म्हणून चौकट टळते. पण पाठवण्याच्या वेळी सर्व्हर पुन्हा आवृत्ती पाहू शकतो आणि जुन्या आवृत्तीकडून आलेली नोंद नाकारू शकतो. अपडेट झाल्यावर तीच नोंद नव्या आवृत्तीतून गेली तर उत्तमच, पण नव्या आवृत्तीत नोंदीचा साचाच बदललेला असेल, तर ती अडकून पडू शकते. मुदत अगदी दारात असेल तरच हे करा, आणि फोटो गॅलरीतही वेगळे काढून ठेवा.

निवृत्त खातेदार, धाराशिव

मी बँकेत नोकरी केली. येथे सगळे कुलपाच्या विरोधात बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. फोनमध्ये एकदा उतरलेली जुनी आवृत्ती बाहेरून दुरुस्त करता येत नाही. तिच्यात पैशांच्या व्यवहारातला एखादा दोष सापडला, तर ती वापरू न देणे एवढाच उपाय हातात राहतो. लोकांना ‘नंतर’ हे बटण दिले, तर ते वर्षभर ‘नंतर’च दाबत राहतात. ग्राहकाला दोन दिवस गैरसोय झालेली परवडली, पण खात्यातून रक्कम गेलेली परवडत नाही.

सेंटरवाला, माजलगाव

काका, पैशांच्या अ‍ॅपबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाला रेंजचे एक टोक मिळते की मिळत नाही, आणि त्याच क्षणी त्याला एवढे मोठे अपडेट उतरवायला लावतात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कुलूप लावू नये, एवढे तरी भान असावे की नाही? आधी पंधरा दिवस नुसती सूचना द्या, मग लावा.

दुधनाकाठ, सेलू

दोघांचेही म्हणणे एकाच यंत्रणेत बसू शकते. अ‍ॅपच्या आतूनच अपडेट मागण्याची सोय प्ले स्टोअरने दिली आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात अपडेट पाठीमागे उतरत राहते आणि माणूस आपले काम करत राहतो. दुसऱ्यात पूर्ण पडदा व्यापला जातो आणि अपडेट होईपर्यंत थांबावे लागते. अपडेट या फोनसाठी उपलब्ध असल्याचे स्टोअरला कळून किती दिवस झाले, हेही अ‍ॅपला विचारता येते. म्हणजे पहिले काही दिवस सौम्य आणि पुढे सक्त, असे धोरण सहज ठेवता येते. आणि मुख्य म्हणजे या मार्गाने विचारले, तर त्या फोनला अपडेट खरोखर उपलब्ध आहे की नाही, हे आधी कळते. नसेल तर अ‍ॅपने चौकट दाखवूच नये. औशाची कोंडी तेवढ्याने टळली असती.

डाउनलोडचे आकडे फुगवण्याबद्दल टीपकागद यांनी लिहिले होते, ते मात्र पटत नाही. सक्तीमागे बहुतेक वेळा सर्व्हरवरचा बदल असतो. समजा, पिकांची यादी किंवा नोंदीचा साचा बदलला, तर जुने अ‍ॅप जुन्याच पद्धतीने माहिती पाठवत राहते आणि ती चुकीच्या रकान्यात जाऊन बसते. दोन्ही पद्धती सर्व्हरवर चालू ठेवता येतात, पण त्याला खर्च आणि माणसे लागतात.

टीपकागद, नांदेड

बरे, आकड्यांचा मुद्दा सोडून देतो. पण कॅशे साफ करून अनेकांचे Update बटण आलेले मी स्वतः पाहिले आहे, ते कसे?

दुधनाकाठ, सेलू

तेही खरे आहे. कधी कधी अपडेट फोनसाठी खुले झालेले असते, पण स्टोअरने जुनी माहिती धरून ठेवलेली असते. कॅशे साफ केली किंवा Manage apps & device मध्ये जाऊन यादी खाली ओढून ताजी केली की बटण दिसते. पण ज्या फोनला अपडेट खुलेच झालेले नाही, त्याची कॅशे कितीही वेळा साफ केली तरी ते येणार नाही.

कयाधूकाठची, हिंगोली

माझ्या आईच्या फोनलाही बऱ्याच वर्षांपासून अपडेट आलेले नाही. तो अँड्रॉइड ६ वरच थांबला आहे. हा त्याच प्रश्नाचा भाग आहे काय?

गल्लीतला गणपत, परभणी

ताई, तो फोनचा अपडेट, इथे अ‍ॅपच्या अपडेटची चर्चा चालू आहे.

दुधनाकाठ, सेलू

गणपतराव, प्रश्न वेगळा असला तरी धागा जुळतो. ताई, प्रत्येक अ‍ॅप बनवणारा ठरवतो की आपले अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइडपासून पुढे चालेल. नव्या आवृत्तीत ती मर्यादा अँड्रॉइड ८ वर नेली, तर अँड्रॉइड ६ च्या फोनला स्टोअर ती आवृत्ती देतच नाही. अशा फोनवरही Open आणि चौकट यांचाच खेळ दिसतो, पण औशाच्या फोनवर तो काही दिवसांनी संपेल आणि आपल्या आईंच्या फोनवर संपणार नाही. ओळखायचे असे: एखाद्या नव्या फोनवर त्या अ‍ॅपचे About this app उघडा आणि Required OS पुढे काय लिहिले आहे ते पाहा. तिथला आकडा आईंच्या फोनच्या अँड्रॉइडपेक्षा मोठा असेल, तर संकेतस्थळावरून काम होते का ते पाहावे किंवा दुसरा फोन वापरावा.

कयाधूकाठची, हिंगोली

नेमके तेच आहे. बँकेच्या अ‍ॅपवर तशीच चौकट येते. माझ्या भाच्याने त्याच्या फोनमधून अ‍ॅपची फाईल ब्लूटूथने पाठवली होती, तीही बसली नाही.

दुधनाकाठ, सेलू

बसणारही नाही. एक तर अँड्रॉइडची मर्यादा फाईललाही लागू असते. दुसरे म्हणजे, आता स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्या पडद्याप्रमाणे, प्रोसेसरप्रमाणे आणि भाषेप्रमाणे अ‍ॅपचे वेगवेगळे तुकडे देते. भाच्याच्या फोनमधला मुख्य तुकडा एकटाच पाठवला, तर बाकीचे तुकडे मागे राहतात आणि अ‍ॅप बसत नाही किंवा उघडताच बंद पडते.

सेंटरवाला, माजलगाव

याच ठिकाणी लोक फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवे अपडेट’ म्हणून एपीके फाईल येते, नाव आणि चित्र सरकारी योजनेचे किंवा चलनाचे असते. अ‍ॅप बंद पडून वैतागलेला माणूस ती लगेच दाबतो. आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या फोनचे सगळे संदेश त्या फाईलमधून परस्पर बाहेर जात होते, त्यात ओटीपीही आले. खऱ्या अ‍ॅपचे अपडेट फाईल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा.

दुधनाकाठ, सेलू

यावर एक खूण सांगून ठेवतो. अँड्रॉइड अपडेट स्वीकारताना नव्या फाईलवर त्याच बनवणाऱ्याची सही आहे का ते पाहते. सही वेगळी असेल, तर आहे त्या अ‍ॅपवर ती फाईल बसतच नाही. म्हणून भामट्यांची फाईल बहुधा अ‍ॅपच्या जागी न बसता शेजारी वेगळे अ‍ॅप म्हणून बसते. अपडेट म्हणून काही घेतले आणि यादीत एकाच नावाची दोन चित्रे दिसू लागली, तर नुकतेच आलेले चित्र ताबडतोब काढून टाका आणि बँकेला कळवा.

मोंढ्यातला, जालना

आमच्या दुकानातल्या जुन्या फोनवर संदेशांचे एक अ‍ॅप अचानक ‘ही आवृत्ती कालबाह्य झाली’ म्हणू लागले, आणि स्टोअरमध्ये Open. अनेक खटपटी केल्यावर लक्षात आले की बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर फोनची तारीखच पुढे गेली होती. तारीख आपोआप घेण्यावर ठेवली आणि अ‍ॅप उघडले. बांधावरून यांनी एकदा तारीखही तपासून पाहावी.

दुधनाकाठ, सेलू

चांगली सूचना. काही अ‍ॅपमध्ये सर्व्हरला न विचारताच आवृत्तीची शेवटची तारीख आत लिहिलेली असते, आणि ती फोनच्या घड्याळाशी ताडून पाहिली जाते.

बांधावरून, औसा

सर्वांचे आभार. तारीख बरोबर होती. आवृत्ती दुधनाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिली. माझ्या फोनवर सेटिंगमध्ये आणि स्टोअरमध्ये एकच जुना आकडा होता, भावाच्या फोनवर नवा. टीपकागद यांच्या सांगण्यावरून स्टोअरची कॅशेही साफ केली, फरक पडला नाही. आज सकाळी मी काहीही न करता Update बटण आले. अपडेट झाले, तुरीचे फोटो जागेवरच होते आणि गावात आल्यावर ते अपलोडही झाले. पण माझा पहिला प्रश्न मागेच राहिला. बटण आल्यानंतरही अपडेट मला हाताने दाबून घ्यावे लागले. ते आपोआप का होत नाही?

दुधनाकाठ, सेलू

आपोआप अपडेट होण्यासाठी साधारणपणे चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. फोन वायफायवर असावा, चार्जिंगला असावा, कोणी तो वापरत नसावे आणि ते अ‍ॅप समोर उघडे नसावे. त्यातही स्टोअर साधारणपणे दिवसातून एकदाच नवे काय आहे ते पाहते. त्यामुळे अपडेट खुले झाल्यावर ते रांगेत लागायलाच चोवीस तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. तुमचा फोन रात्री कुठे असतो आणि घरी वायफाय कशाचे आहे?

बांधावरून, औसा

रात्री आखाड्यावर असलो की चार्जिंग मिळते, पण वायफाय नसते. घरी असलो की मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट घेतो. भाऊ लातूरला राहतो, त्याच्याकडे ब्रॉडबँड आहे.

दुधनाकाठ, सेलू

उत्तर त्यातच आहे. एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइडने घेतला की, हे मोजून मिळणारे इंटरनेट आहे, अशी खूण त्याला मिळते. वरच्या पट्टीत वायफायचे चिन्ह दिसत असले, तरी मोठी कामे पाठीमागे करण्यासाठी फोन त्याला वायफाय धरत नाही. भावाकडे ब्रॉडबँड, रात्री चार्जिंग आणि झोपेची वेळ असे सगळे एकत्र जुळते, म्हणून त्याचे अपडेट आपोआप होते.

कयाधूकाठची, हिंगोली

मग हॉटस्पॉटवरही आपोआप व्हावे यासाठी काही करता येते काय? आमच्याकडेही घरात एकच पॅक असतो.

दुधनाकाठ, सेलू

दोन मार्ग आहेत. सेटिंगमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन Metered च्या जागी Treat as unmetered निवडता येते. काही कंपन्यांच्या फोनांत ही ओळ दुसऱ्या ठिकाणी असते. किंवा प्ले स्टोअरच्या Network preferences मध्ये Auto-update apps साठी Over any network निवडता येते. पण दोन्हींत धोका तोच, की सगळीच अ‍ॅप रांगेत उभी राहतील आणि मुलाचा दिवसाचा पॅक दुपारीच संपेल. स्टोअर बहुतेक वेळा पूर्ण अ‍ॅप न उतरवता बदललेला भागच आणते, तरीही दहा-वीस अ‍ॅप एकदम आली की तोही भार होतोच. त्यापेक्षा मी तर आपोआपचा नाद सोडून, नोंदीचा हंगाम सुरू होण्याच्या आधी गावात चांगली रेंज असताना तेवढे एकच अ‍ॅप हाताने पाहून घेईन.

बांधावरून, औसा

मुलाला पॅकचे विचारले, तर त्याने हॉटस्पॉटचा पासवर्डच बदलला. तेव्हा तुमचा शेवटचा मार्गच धरतो.